कलम ५.३ मधलं 'सब्जेक्ट टू': एका भाववाढीचं प्रकरण

पुरवठा करारावर सह्या होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. पुरवठादाराची एक पानाची नोटीस आली: कलम ५.३ खाली आम्ही मालाची किंमत ६ टक्क्यांनी वाढवत आहोत, वाढ ३० दिवसांनी लागू होईल. खरेदीदार आमचे अशील. त्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांचा फोन आला तो थेट मुद्द्यावर. "अहो, वर्षातून एकदा आढावा, आणि वाढ झालीच तर चार टक्क्यांच्या आत, असं ठरलं होतं ना आपलं?"

ठरलं तसंच होतं. वाटाघाटींच्या टिपणात ते दोन ओळींत लिहिलेलं होतं. पण टिपणातून करारात येताना त्या दोन ओळींची तीन उपकलमं झाली आणि तिथे काहीतरी निसटलं. मसुदा आमच्याच कार्यालयातून गेला होता. लिहिणारी मुलगी हुशार, कायदा पक्का, इंग्रजी तिची तिसरी भाषा. मी तो मसुदा सह्यांपूर्वी वाचला होता का? वाचला होता, पण त्यातले आकडे तपासले होते, शब्द नाही. हे आधीच कबूल केलेलं बरं.

नावं, माल आणि ओळख पटेल असे तपशील बदलून प्रकरण मांडतो. वादाचं मूळ असलेला मजकूर मात्र जसाच्या तसा देतो, कारण सगळी गंमत त्यातल्या छोट्या शब्दांत आहे.

```
5.3 Subject to Clause 9, Supplier may increase Price
    by giving the notice of 30 days to Buyer.
9.1 Parties shall review Price once in a Contract Year.
9.2 The increase shall not exceed 4% of Price.
```

इंग्रजीच्या शिक्षकाने हे वाचलं तर तो पहिल्यांदा कुठे लाल खूण करील? 'सप्लायर'च्या आधी 'द' नाही, 'प्राइस'च्या आधी नाही, 'बायर'च्या आधी नाही. 'नोटिस'च्या आधी मात्र नको तिथे 'द' आहे, कारण त्या नोटिशीचा आधी कुठे उल्लेखच नाही. चार खुणा झाल्या. आणि या चारही खुणांचा आमच्या वादाशी काडीचा संबंध नव्हता. व्याख्या केलेल्या शब्दांना विशेषनामासारखं वागवून 'द' गाळणारे मसुदाकार इंग्रजी मातृभाषा असलेल्यांतही आहेत. एक पद्धत धरून ती शेवटपर्यंत पाळली की झालं. 'द नोटिस' कानाला खटकतं, पण त्यावरून कोणी भांडणार नाही, कारण अर्थ दुसरा निघतच नाही.

ज्या दोन ठिकाणी आमचा अशील अडकला, ती दोन्ही व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष होती. 'सब्जेक्ट टू क्लॉज नाइन' हे शुद्ध इंग्रजी आहे. 'द इन्क्रीज शॅल नॉट एक्सीड' हेही शुद्ध आहे. म्हणूनच संगणकाने त्यांच्याखाली लाल रेघ ओढली नाही, आणि माझ्या डोळ्यानेही.

पुरवठादाराच्या वकिलांचं म्हणणं असं होतं. कलम ५.३ आम्हाला किंमत वाढवण्याचा स्वतंत्र अधिकार देतं, त्यासाठी लागते फक्त ३० दिवसांची नोटीस. कलम ९ हा वेगळा विषय, वार्षिक आढाव्याचा. 'सब्जेक्ट टू' आहे खरं, पण त्याचा अर्थ एवढाच की दोन कलमांची टक्कर झाली तर कलम ९ वरचढ ठरेल. इथे टक्कर कुठे आहे? कलम ९.१ म्हणतं, वर्षातून एकदा आढावा घ्या. आम्ही कुठे नाही म्हणतो? आढावा घेऊच. त्याखेरीज ५.३ खाली वाढही करू. आणि ९.२ मधली चार टक्क्यांची मर्यादा 'द इन्क्रीज'ला, म्हणजे 'त्या' वाढीला आहे. ती म्हणजे लगेच वरच्या ओळीत सांगितलेल्या आढाव्यातून निघणारी वाढ. आमची वाढ आढाव्यातून निघालेलीच नाही.

हे वाचल्यावर पहिली प्रतिक्रिया संतापाची होते. शांतपणे पुन्हा वाचलं की कळतं, युक्तिवाद चांगला आहे. करार इंग्लंडच्या कायद्याखाली होता, आणि तिथे या शब्दांवर नेमकं हेच सांगून ठेवलेलं आहे. १९७३ साली सी अँड जे क्लार्क विरुद्ध इनलँड रेव्हेन्यू कमिशनर्स या करविषयक खटल्यात न्यायमूर्ती मेगॅरी यांनी 'सब्जेक्ट टू'चं काम समजावून सांगितलं होतं. दोन तरतुदींत संघर्ष असेल तर कोणती चालेल हे तो शब्दप्रयोग दाखवतो. संघर्ष नसेल तर तो काहीच करत नाही. या 'काहीच करत नाही'वर पुरवठादाराची सगळी इमारत उभी होती.

मी मसुदा लिहिणारीला बोलावलं. रागावण्यासाठी नाही, तिच्या मनात काय होतं ते कळावं म्हणून.

"सर, मला म्हणायचं होतं की कलम ९ नुसार पुरवठादार किंमत वाढवू शकेल."

"मग 'सब्जेक्ट टू' का लिहिलंस?"

"'ॲज पर' लिहिलं की तुम्हीच खोडता. आणि जुन्या मसुद्यांत कलमाच्या सुरुवातीला बहुतेक ठिकाणी 'सब्जेक्ट टू'च असतं. 'सब्जेक्ट टू' म्हणजे 'नुसार'च ना, सर?"

इथे मला या चुकीचं मूळ सापडलं, आणि ते इंग्रजीत नव्हतं. ते आपल्या 'नुसार'मध्ये होतं. हा प्रत्ययासारखा वापरला जाणारा शब्द मराठीत किती कामं करतो पाहा. कलमानुसार अधिकार मिळाला, नियमानुसार अर्ज केला, वेळापत्रकानुसार गाडी सुटली, त्यांच्या म्हणण्यानुसार ते तिथे नव्हतेच. पहिल्यात कलम अधिकार देतं, दुसऱ्यात नियम रीत सांगतो, तिसऱ्यात वेळापत्रक फक्त जुळतं, चौथ्यात तर ती निव्वळ ऐकीव गोष्ट आहे. इंग्रजीत यांच्यासाठी वेगवेगळे शब्दप्रयोग लागतात. पहिल्याला 'पर्स्युअंट टू' किंवा साधं 'अंडर', दुसऱ्याला 'इन अकॉर्डन्स विथ', शेवटच्याला 'अकॉर्डिंग टू'. 'नुसार' मनात धरून इंग्रजी शब्द शोधायला निघालं की हाताला जो वजनदार लागेल तो उचलला जातो.

वास्तविक मराठीला हा फरक ठाऊक आहे. कायद्याच्या मराठीत आपण 'कलम ९ च्या अधीन राहून' म्हणतो तेव्हा तो 'सब्जेक्ट टू' असतो, आणि 'कलम ९ ला अनुसरून' किंवा 'कलम ९ अन्वये' म्हणतो तेव्हा 'पर्स्युअंट टू'. 'अधीन' हा शब्दच सांगतो की कोणीतरी वरचा आहे आणि आपण खाली आहोत. तिने मनातल्या मनात 'कलम ९ च्या अधीन राहून' असं वाक्य करून पाहिलं असतं, तर तिलाच विचारावंसं वाटलं असतं की इथे कोण कोणाच्या अधीन आहे.

म्हणून मी तिला एक कसोटी दिली, जी मी स्वतः तेव्हापासून वापरतो. ज्या कलमाचा हवाला दिला आहे ते कलम करारातून काढून टाकल्याची कल्पना करा. मग उरलेल्या वाक्याचं काय होतं ते पाहा. अधिकारच नाहीसा झाला, तर ते कलम अधिकाराचा उगम होतं; तिथे 'पर्स्युअंट टू' किंवा 'अंडर' हवं. अधिकार राहिला आणि उलट आणखी मोठा झाला, तर ते कलम कुंपण होतं. तिथे 'सब्जेक्ट टू' हवं. आणि काहीच फरक पडला नाही, तर तो हवाला तिथे कशाला आहे हे लिहिणाऱ्याने सांगावं.

आमच्या ५.३ ला ही कसोटी लावू. ठरलेल्या व्यवहारात आढावा हाच भाववाढीचा एकमेव दरवाजा होता. कलम ९ काढलं की वाढ करण्याचा रस्ताच बंद. म्हणजे कलम ९ उगम होतं. पण लिहिलेल्या मजकुरात कलम ९ काढलं तरी 'सप्लायर मे इन्क्रीज प्राइस' हे शब्द तसेच्या तसे उभे राहतात. एका शब्दप्रयोगाने उगमाचं कुंपण करून टाकलं, आणि कुंपणाच्या आत अशिलाने कधीही न दिलेला अधिकार उगवला.

आता 'द'कडे. इथे आम्हाला थोडी आशा होती, कारण 'द' आमच्या बाजूनेही वाचता येत होता. इंग्रजीतला 'द' वाचणाऱ्याला मागे वळायला लावतो: जिची ओळख आधी झाली आहे ती गोष्ट. मग 'द इन्क्रीज' म्हणजे कोणती वाढ? पुरवठादार म्हणतो, ९.१ मधल्या आढाव्यातून येणारी. पण ९.१ मध्ये 'वाढ' हा शब्दच नाही. तिथे फक्त आढावा आहे. संपूर्ण करारात त्याआधी 'इन्क्रीज' शब्द एकाच ठिकाणी येतो, ५.३ मध्ये. म्हणजे 'ती वाढ' ही ५.३ चीच वाढ, आणि तिला चार टक्क्यांची मर्यादा आहे. मग ६ आणि ४ यांची टक्कर होते, आणि 'सब्जेक्ट टू' जागं होऊन ९ ला जिंकून देतं.

हा युक्तिवाद सुचल्यावर मला दिवसभर बरं वाटलं. संध्याकाळी वहीवर आकडेमोड केली आणि ते बरं वाटणं संपलं. समजा, आम्ही 'द'वर जिंकलो. तरी ९.२ सांगतं एवढंच की वाढ किंमतीच्या ४ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. वर्षात किती वेळा, हे सांगत नाही. वर्षातून एकदा आहे तो आढावा, वाढ नव्हे. आणि 'प्राइस' म्हणजे त्या त्या वेळी चालू असलेली किंमत, अशी व्याख्या होती. पुरवठादाराने दर महिन्याला ४ टक्क्यांची नोटीस पाठवली, तर पाचव्या वाढीनंतर किंमत मूळच्या सुमारे १२१.७ टक्के होते आणि बाराव्यानंतर सुमारे १६० टक्के. प्रत्येक नोटीस मर्यादेच्या आत. म्हणजे आर्टिकलवरचा वाद जिंकूनही प्रिपोझिशनची चूक आम्हाला बुडवू शकत होती. पुरवठादार एवढा टोकाला जाईल असं नाही, पण वाटाघाटीच्या टेबलावर समोरच्याच्या हातात असं हत्यार आहे हे माहीत असणं आणि नसणं यात फरक असतो.

तिला खरं तर कोणता शब्द हवा होता? 'द' नको होता आणि 'ॲन'ही नको होता. 'कोणतीही वाढ' असं मराठीत ती सहज म्हणाली असती. इंग्रजीत त्याला 'एनी' किंवा नकारातलं 'नो इन्क्रीज' लागतं. मराठीत नुसतं 'वाढ चार टक्क्यांपेक्षा जास्त नसेल' म्हटलं तरी भागतं, कारण मराठी नाम 'ती', 'एक', 'कोणतीही' असं काहीही न लावता मोकळं फिरतं आणि संदर्भावरून वाचणारा समजून घेतो. इंग्रजी मोजता येणाऱ्या एकवचनी नामाला असं उघडं फिरू देत नाही. काहीतरी लावावंच लागतं, आणि मग आपण सवयीने 'द' लावतो, कारण तो सुरक्षित वाटतो. करारात 'द' हा सगळ्यात कमी सुरक्षित आर्टिकल आहे. तो वाचणाऱ्याला सांगतो की एक ठरावीक गोष्ट आहे, ती तू शोध. ती गोष्ट एकच नसली, की शोधणारे दोघे दोन दिशांना जातात.

आर्टिकलवर एवढं काय अवलंबून असणार, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक उदाहरण. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०२१ साली निझ-चावेझ विरुद्ध गारलंड हा खटला होता. १९९६ च्या स्थलांतरविषयक कायद्यात सरकारने 'अ नोटिस टू अपिअर' बजावावी असं होतं. सरकारने लागणारी माहिती दोन वेगवेगळ्या कागदांतून, वेगवेगळ्या वेळी दिली. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालय म्हणालं की 'अ नोटिस' म्हणजे एकच कागद, तुकड्यातुकड्यांनी नाही. तिथे आर्टिकल लिहिणारे इंग्रजी मातृभाषा असलेलेच होते, आणि न्यायाधीशांतही एकमत झालं नाही. आपण तर दुसऱ्याच भाषेतून आलेलो.

साहजिकच अशिलाने विचारलं, "पण टिपणात तर स्पष्ट लिहिलंय. ते न्यायालयाला दाखवता येणार नाही का?" इथे उत्तर निराश करणारं होतं. २००९ च्या चार्टब्रुक विरुद्ध पर्सिमन या निकालात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने दोन गोष्टी सांगितल्या, आणि आमच्यासाठी एक गोड होती, एक कडू. गोड ही की भाषेत काहीतरी चुकलंय हे उघड असेल, आणि समंजस माणसाला त्यातून काय अभिप्रेत वाटेल हेही उघड असेल, तर न्यायालय अर्थ लावतानाच चूक दुरुस्त करू शकतं, मग त्यासाठी कितीही शब्द बदलावे लागोत. कडू ही की करारापूर्वीच्या वाटाघाटी अर्थ लावण्यासाठी पुरावा म्हणून चालत नाहीत. करारच दुरुस्त करून मागण्याचा, रेक्टिफिकेशनचा, वेगळा दावा लावला तर टिपण चालतं, पण मग दोन्ही पक्षांचं मत तेव्हा एकच होतं हे सिद्ध करण्याचं ओझं आपल्या खांद्यावर येतं.

आणि गोड भागही आम्हाला पुरणार नव्हता. चूक उघड कुठे होती? पुरवठादार लावत होता तो अर्थ व्यापारी दृष्टीने वेडगळ नव्हता. नोटीस देऊन भाव वाढवता येतो असे करार जगात शेकड्याने होतात. शब्द निरर्थक झाला असता तर न्यायालयाने कदाचित सावरून घेतलं असतं. दोन्ही अर्थ चालण्याजोगे असले की कोणी सावरत नाही. शिवाय मसुदा आमच्या बाजूने लिहिलेला. संदिग्धता लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचावी या जुन्या नियमाचा जोर बरोबरीच्या व्यापारी पक्षांत आता फार उरलेला नाही, तरी तो समोरच्यांच्या पत्रात दुसऱ्या परिच्छेदात आलाच.

मग पत्रव्यवहाराची फाइल मागवली आणि तिच्यात आणखी एक 'सब्जेक्ट टू' निघालं. नोटीस आल्यावर, आम्हाला फोन करण्याच्या आधी, खरेदी विभागातल्या कोणीतरी पुरवठादाराला ही ओळ पाठवली होती:

```
Subject to our discussion of yesterday, we accept
the revised price for the June order.
```

पुरवठादार हीच ओळ नाचवत होता: तुम्ही तर वाढ मान्य केलीत! लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, 'कालच्या बोलण्याच्या संदर्भात'. पत्राच्या वरती 'विषय' लिहितात ना, त्याचं इंग्रजी 'सब्जेक्ट', तेच इथे वाक्यात घुसलं. ही चूक दिसते त्यापेक्षा फार जास्त वेळा होते, आणि बहुतेकदा लिहिणाऱ्याला महागात पडते, कारण तो बिनशर्त मान्यता देतोय असं समजतो आणि प्रत्यक्षात शर्त घालून बसतो. 'सब्जेक्ट टू काँट्रॅक्ट' असं लिहून दिलेली मान्यता बंधनकारक नसते हे १८७७ च्या विन विरुद्ध बुल या निकालापासून इंग्रजी कायद्यात रुळलेलं आहे. 'सब्जेक्ट टू अवर डिस्कशन'मध्ये तितका ठाम शिक्का नाही, पण शब्दांचा रोख तोच: आमची मान्यता कालच्या बोलण्यावर अवलंबून आहे.

काल काय बोलणं झालं होतं? खरेदी अधिकाऱ्यांनी कच्च्या मालाच्या खर्चाचा तपशील मागितला होता, आणि पुरवठादाराने पाठवतो म्हटलं होतं. तो आलाच नाही. म्हणजे मान्यतेची शर्त पुरी झाली नाही. आम्ही तसं लिहिलं. लिहिताना मला जरा ओशाळल्यासारखं झालं, कारण त्या माणसाच्या मनात शर्त वगैरे काही नव्हतं. पण पुरवठादारही ५.३ चे शब्द धरून बसला होता, मनातलं नाही. शब्दांचा खेळ मांडला की तो दोन्ही बाजूंना खेळावा लागतो.

त्याच ओळीतला दुसरा शब्द मात्र लिहिणाऱ्याने अगदी बरोबर टाकला होता. 'द जून ऑर्डर'. जूनमधली ती एक ऑर्डर. 'ऑर्डर्स' असतं, किंवा 'द रिव्हाइज्ड प्राइस'वर वाक्य संपलं असतं, तर मान्यता पुढच्या सगळ्या मालाला चिकटली असती. इथे 'द'ने आपलं काम चोख केलं: एक ठरावीक गोष्ट, दोघांनाही ठाऊक असलेली, आणि तिच्यापलीकडे काही नाही.

प्रकरण न्यायालयात गेलं नाही. जूनच्या ऑर्डरला ६ टक्के वाढ खरेदीदाराने दिली, बाकीच्या मालाला त्या वर्षी वाढ नाही, आणि करारात दुरुस्ती करायची, असा समझोता झाला. दोघांनाही एकमेकांची गरज होती, हे खरं कारण. कायदेशीर पत्रांनी फक्त दोघांना टेबलावर आणलं.

दुरुस्तीच्या आधी आम्ही ३८ पानांचा अख्खा करार शब्दशोध लावून चाळला. 'सब्जेक्ट टू' २१ ठिकाणी होतं. प्रत्येकाला ती काढून टाकण्याची कसोटी लावली. १३ योग्य ठरली, तीन ठिकाणी हवाला उगाच होता, आणि पाच ठिकाणी 'अंडर' हवं होतं. 'पर्स्युअंट टू' नऊदा आलं होतं. त्यातलं एक वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. त्या वाक्याचा अर्थ होता, 'गोपनीयतेच्या कलम १७ ला अनुसरून पुरवठादार आराखडे उपकंत्राटदारांना देऊ शकेल'. कलम १७ तर आराखडे कोणालाही देऊ नका असं सांगत होतं. लिहायचं होतं 'कलम १७ च्या अधीन राहून', म्हणजे १७ मधली बंधनं पाळून. लिहिलं गेलं ते असं की जणू मनाई करणारं कलमच परवानगी देतं. पुरवठादाराच्या नजरेतून हे सुटलं होतं. समझोत्याच्या वेळी तेही गुपचूप दुरुस्त करून घेतलं.

नवीन मजकूर असा झाला:

```
5.3 The Supplier may increase the Price only after a
    review under Clause 9, and only by giving the Buyer
    at least 30 days' written notice.
9.1 The Parties shall review the Price once, and not
    more than once, in each Contract Year.
9.2 The total of all increases in a Contract Year shall
    not exceed 4% of the Price in force on the first
    day of that Contract Year.
```

यात 'पर्स्युअंट टू' नाही हे लक्षात आलं असेल. मुद्दाम टाळलं. त्याचं जे काम आहे ते 'अंडर' हा छोटा शब्द करतो, आणि 'पर्स्युअंट'च्या पाठीमागे 'विथ' की 'टू' की 'ऑफ' हा प्रश्नच उरत नाही. तिच्या दुसऱ्या एका मसुद्यात मला 'पर्स्युअन्स टू' सापडलं होतं. 'इन पर्स्युअन्स ऑफ' आणि 'पर्स्युअंट टू' यांचं लग्न लावलेलं. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे नुसतं 'पर्स्युअंट टू' लिहून आमचं भागलंही नसतं. ते सांगतं की हा अधिकार कलम ९ खालचा आहे. याखेरीज दुसरा कुठलाच नाही, असं ते स्वतःहून सांगत नाही. ते सांगण्यासाठी 'ओन्ली' लागतं, आणि तेही दोनदा, कारण आढावा आणि नोटीस या दोन अटी आहेत.

'ॲट लीस्ट' का आलं, तेही सांगतो. 'नोटिस ऑफ ३० डेज' यातून नोटीस ३० दिवस आधी द्यायची की नोटीस ३० दिवस लावून ठेवायची, हे ताणून वाचता येतं. आपल्याकडचे बरेच जण इथे 'विदिन ३० डेज' लिहितात, कारण मनात 'तीस दिवसांत' असतं. पण त्याचा अर्थ तिसाव्या दिवसाच्या आत कधीही, उद्यासुद्धा. 'निदान तीस दिवस आधी' याला 'विदिन' कधीच चालत नाही.

९.२ मध्ये 'अ काँट्रॅक्ट इयर' आणि मग 'दॅट काँट्रॅक्ट इयर' अशी जोडी आहे. आधी कोणतंही वर्ष घ्या, मग तेच वर्ष. इथे दुसऱ्यांदा 'द' टाकलं असतं तरी बहुधा चाललं असतं, पण 'दॅट' बोट दाखवतं, आणि एकदा हात पोळल्यावर बोट दाखवणारा शब्द बरा वाटतो.

दुरुस्तीपत्राचा मसुदाही मी तिलाच लिहायला दिला. पहिली ओळ मी सुचवली होती: ही दुरुस्ती कलम २१ ला अनुसरून, 'पर्स्युअंट टू क्लॉज २१', करण्यात येत आहे. कलम २१ म्हणजे करार फक्त लेखी आणि दोघांच्या सहीने बदलता येईल, हे कलम. दुसऱ्या दिवशी मसुदा आला, आणि त्यात माझा शब्द खोडून 'इन अकॉर्डन्स विथ' घातलेला.

"हे का बदललंस?" मी विचारलं.

"सर, तुमचीच कसोटी लावली. कलम २१ काढून टाकलं तरी दोघं मिळून करार बदलू शकतातच, तो अधिकार त्यांचा आहेच. कलम २१ फक्त रीत सांगतं, लेखी आणि सहीनिशी. म्हणजे ते उगम नाही. तुमचा शब्द तिथे बसत नाही."

मी मसुद्यावर सही केली.